नवं फुप्फुस आतून खोकत का नाही? प्रत्यारोपणानंतरच्या शरीराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुप्फुसाचं प्रत्यारोपण झालेल्यांकडून श्वसनाचे व्यायाम करून घेणं हे माझं काम आहे. रोज तेच प्रश्न कानावर येतात आणि बहुतेकांचं मूळ एकाच गोष्टीत सापडतं. नव्या फुप्फुसाकडून मेंदूला जाणारी खबर तुटलेली असते. ते नीट समजलं की रोजचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत. खाली मी ‘जोड’ म्हणते तेव्हा तुमच्या श्वासनलिकेची शाखा आणि दात्याच्या फुप्फुसाची शाखा जिथे टाके घालून एकत्र आणली आहे, ती जागा समजा.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय जोडतात आणि काय जोडत नाहीत?

प्रत्येक फुप्फुसासाठी तीन जोडण्या कराव्या लागतात. पहिली हवेच्या नळीची, म्हणजे मुख्य ब्रॉंकसची. दुसरी फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या पल्मनरी धमनीची. तिसरी फुप्फुसातून रक्त परत आणणाऱ्या शिरांची. या शिरा हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या छोट्या पट्टीसकट जोडतात. हवा आणि रक्त यांची वाट त्यामुळे सुरू होते आणि फुप्फुस काम करू लागतं.

तीन गोष्टी मात्र कापल्या जातात आणि तशाच राहतात: मज्जातंतू, लसीकावाहिन्या आणि ब्रॉंकसच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक ब्रॉंकियल धमन्या. या पानावरची जवळजवळ सगळी उत्तरं या तीन गोष्टींपाशी जातात, आणि खोकल्याचं उत्तर पहिलीपाशी.

खोकल्याची जाणीव जोडाच्या खालीच का नाहीशी होते?

ठसका लागतो तेव्हा सुरुवात श्वासमार्गाच्या आतल्या अस्तरापासून होते. त्या अस्तरात अतिशय बारीक मज्जातंतूंची टोकं असतात. कफ, पाणी, धूर, अन्नाचा कण, काहीही लागलं की ती चाळवतात. खबर व्हेगस या मज्जातंतूमार्गे मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रात जाते. तिथून उलटा हुकूम सुटतो: स्वरयंत्र मिटा, पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू आवळा, मग एकदम सोडा.

फुप्फुस काढताना व्हेगसच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या फांद्या कापल्या जातात. त्यामुळे जोडाच्या खाली कफाचा गोळा बसला तरी वर खबर जात नाही. जोडाच्या वरचा भाग तुमचा स्वतःचाच आहे. घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका आणि बहुतेक वेळा कॅरिना, म्हणजे श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते ती धार, हे सगळं पूर्वीसारखंच जागं असतं. स्वरयंत्र आणि कॅरिना या श्वासमार्गातल्या सगळ्यात हळव्या जागा आहेत, आणि त्या शाबूत राहणं ही मोठी जमेची बाजू आहे.

ब्रॉंकोस्कोपीत हा फरक डोळ्यांनी दिसतो. दुर्बीण कॅरिनाला टेकली की अर्धवट गुंगीतही पेशंट उसळून खोकतो. तीच दुर्बीण पुढे सरकून टाक्यांची गोल रेघ ओलांडते आणि दात्याच्या ब्रॉंकसच्या भिंतीला लागते, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेकदा काहीच होत नाही. मधे अंतर असतं ते काही मिलीमीटरचं.

मग मज्जातंतू टाके घालून का जोडत नाहीत? हाताच्या बोटाचे जोडतात ना?

बोटात जोडण्याजोगी ठळक दोरी असते. फुप्फुसाच्या मुळाशी तशी एक दोरी नसते. तिथे व्हेगस आणि सिंपथेटिक मज्जातंतूंच्या असंख्य बारीक फांद्यांचं जाळं ब्रॉंकस आणि रक्तवाहिन्यांभोवती पसरलेलं असतं. त्यातली कोणती फांदी कुठल्या फांदीला जोडायची हे ओळखणं शक्य नसतं, आणि रक्ताविना असलेल्या फुप्फुसाचं घड्याळ चालू असताना तेवढा वेळही नसतो.

म्हणजे मला आता खोकताच येणार नाही का?

येईल, आणि चांगलं येईल. तुटलेला आहे तो फक्त आत येणारा निरोप. हुकूम देणारा मेंदू, स्वरयंत्र, श्वासपटल, पोटाचे स्नायू हे सगळं तुमचंच आहे आणि त्यांचे मज्जातंतू सहसा शाबूत असतात. मनात आणून खोकलात तर नव्या फुप्फुसातली हवाही तितक्याच वेगाने बाहेर फेकली जाते.

पहिल्या काही आठवड्यांत खोकला दुबळा वाटतो, त्याचं कारण बहुधा छातीवरची जखम असतं. दुखेल म्हणून माणूस श्वासच अर्धा घेतो आणि अर्ध्या श्वासावर जोरदार खोकला होत नाही. उशी छातीशी घट्ट धरून, वेदनाशामक औषध लागू झाल्यावर खोकायला सांगतो ते त्यासाठीच. या दिवसांत सोसत बसू नका. दुखणं अंगावर काढलंत तर कफ आत साचतो, म्हणून दुखतंय हे सांगणं उपचाराचाच भाग समजा.

खोकला येत नसताना ठरावीक वेळी खोकायला का सांगतात?

मला सगळ्यात जास्त वेळ घेऊन समजवावं लागतं ते हेच.

फुप्फुस स्वच्छ ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे खोकला. दुसरा म्हणजे अस्तरावरचे सूक्ष्म केस, म्हणजे सिलिया. ते एका लयीत हलतात आणि कफाचा पातळ थर सतत वर ढकलत राहतात. सिलियांना हलायला मज्जातंतू लागत नाहीत, त्यामुळे प्रत्यारोपणानंतरही ते हलतात. पण नव्या फुप्फुसातला कफ पूर्वीपेक्षा सावकाश वर सरकतो. शिवाय वाटेत जोड असतो. टाक्यांच्या रेघेवर व्रण असतो, तिथलं अस्तर सलग नसतं, कधी एका बाजूचा काठ दुसऱ्यावर थोडा चढलेला असतो. खालून आलेला कफ नेमका त्या काठाशी अडतो आणि तिथे ठसका देणारं कोणीच नसतं.

म्हणून काम घड्याळाकडे द्यायचं. सुरुवातीला दिवसातून अनेक वेळा आणि पुढे तुमची टीम सांगेल तितक्या वेळा. पद्धत साधी आहे. आधी काही श्वास अगदी सैल, पोटाने. मग तीन-चार श्वास खोल, छाती पूर्ण फुलवून, वर दोन-तीन सेकंद थांबून. त्यामुळे हवा कफाच्या मागे पोचते. पुन्हा सैल श्वास. त्यानंतर हफ: तोंड आणि घसा उघडा ठेवून, काचेवर वाफ धरायची असल्यासारखा ‘हाऽ’ असा लांब, जोरकस उच्छ्वास. मध्यम श्वासापासून सोडलेला लांब हफ खोलवरचा कफ हलवतो आणि मोठ्या श्वासानंतरचा आखूड हफ वरच्या मोठ्या नळ्यांतला.

हफ करत राहिलं की एका क्षणी कफ जोड ओलांडून तुमच्या स्वतःच्या श्वासनलिकेत येतो आणि तिथे आपसूक ठसका लागतो. पहिल्यांदा असं झालं की बरेचजण घाबरतात. घाबरू नका, कफ जागत्या भागात पोचल्याची ती खूण आहे. मग खोकून बाहेर काढा आणि रंग पाहा.

एकच फुप्फुस बदललंय, किंवा हृदय आणि फुप्फुसं दोन्ही बदललीत. तिथे काही वेगळं असतं का?

हो, आणि फरक महत्त्वाचा आहे. एकच फुप्फुस बदललं असेल तर दुसऱ्या बाजूचं जुनं फुप्फुस पूर्ण जाणीव राखून असतं. म्हणजे खोकला येतो, पण तो बहुधा जुन्या बाजूची तक्रार सांगत असतो. नव्या बाजूबद्दल त्यावरून अंदाज बांधू नये.

हृदय आणि दोन्ही फुप्फुसं एकत्र बदलताना हवेचा जोड सहसा श्वासनलिकेतच, कॅरिनाच्या थोडा वर असतो. म्हणजे कॅरिना दात्याची येते आणि तीही बधिर असते. ठसक्याची एक महत्त्वाची जागा गेल्यामुळे अशा लोकांना घड्याळाची शिस्त जास्त कडक ठेवावी लागते. त्यांचं हृदयही मज्जातंतूंविना चालत असल्याने विश्रांतीतही ठोके मिनिटाला साधारण ९० ते ११० असतात आणि चालायला लागल्यावर हळूहळू वाढतात. फक्त फुप्फुस बदललेल्यांचं हृदय स्वतःचंच असतं, त्यामुळे त्यांना हे लागू नाही.

खोकलाच नाही, तर आत काही बिघडलंय हे कळणार कसं?

आकड्यांवरून. घरच्या स्पायरोमीटरचा आग्रह धरतो तो यासाठी. त्यातला एफईव्ही-१ हा आकडा म्हणजे पूर्ण श्वास भरून जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, लिटरमध्ये. कफ साचला, सूज आली, रिजेक्शन म्हणजे शरीराने नवं फुप्फुस नाकारणं सुरू झालं किंवा जोड आकसला, की हा आकडा बहुतेक वेळा त्रास जाणवायच्या आधी उतरतो.

एक उदाहरण घेऊ. व्यक्ती कल्पित आहे, पण घटनाक्रम आमच्या कामात नेहमी दिसतो तसाच. दोन्ही फुप्फुसं बदलून चार महिने झालेल्या एक बाई. त्यांचा सर्वांत चांगला एफईव्ही-१ होता २.४० लिटर. सोमवारी त्यांनी फुंकलं तर २.३८. मंगळवारी २.३५, बुधवारी २.२७, गुरुवारी २.२०. खोकला नाही, ताप नाही. स्टेरॉइड चालू असल्यामुळे ताप तसाही दबून राहू शकतो. जिना चढल्यावर थोडं जड वाटलं, इतकंच. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन चालून आल्यावर एरवी ९७ असायचा, तो ९५ दिसला. शुक्रवारी २.१३.

२.४० मधून ०.२७ गेले, म्हणजे सुमारे ११ टक्के. दहा टक्के घट दिसली की कळवायचं, असं त्यांच्या टीमने सांगून ठेवलं होतं आणि त्यांनी त्याच दिवशी फोन केला. फुंकताना चूक झाली नाही ना, हे पाहायला आधी तीनदा पुन्हा फुंकायला सांगितलं. तिन्ही आकडे जवळपास सारखेच आले. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला खाली किंचित धूसरपणा होता. ब्रॉंकोस्कोपीत उजव्या जोडाच्या जरा खाली घट्ट पिवळसर कफाचा बूच सापडला. तो शोषून काढला, धुवून घेतलेलं पाणी कल्चरला दिलं, शिवाय रिजेक्शन नाही ना हे पाहायला छोटे तुकडे घेतले. कल्चरमध्ये स्यूडोमोनास हा जंतू वाढला, तुकड्यांत रिजेक्शन दिसलं नाही. अँटिबायोटिक आणि दिवसातून चार वेळा हफ, असं चाललं आणि तीन आठवड्यांत आकडा २.३६ वर आला.

इथे दोन गोष्टी नीट बघा. खोकल्याची वाट पाहिली असती तर निदान न्यूमोनिया पसरल्यावर झालं असतं. आणि आकडा का उतरला हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. संसर्ग आणि रिजेक्शन बाहेरून सारखेच दिसू शकतात, पण उपचार उलट्या दिशेचे असतात: एकात जंतू मारायचे, दुसऱ्यात प्रतिकारशक्ती आणखी दाबायची. म्हणून घरी उरलेलं अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड स्वतःहून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आकडा चांगल्या पातळीपेक्षा २० टक्के किंवा जास्त उतरून तसाच राहिला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर दीर्घकालीन रिजेक्शनचा विचार करतात.

मला तर खोकला येतो. मग माझे मज्जातंतू परत आले का?

इतक्या लवकर तो अर्थ काढू नका. खोकला वरच्या, तुमच्या स्वतःच्या भागातून येत असेल: सर्दी, घशात उतरणारा शेंबूड, पोटातलं आम्ल वर येणं, किंवा खालून चढलेला कफ. जोडापाशी वाढलेलं मांस किंवा उघडा पडलेला टाकाही चाळवू शकतो. नवा खोकला, विशेषतः श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दाखवायलाच हवा. जोड आकसला असेल तर तो असाच कळतो.

जाणीव कधी परत येते का?

काही प्रमाणात येते. ब्रॉंकोस्कोपीत जोडाच्या खाली मुद्दाम स्पर्श करून केलेल्या निरीक्षणांत पहिल्या आठवड्यांत नसलेला खोकला वर्षभरात पुन्हा दिसू लागल्याचं आढळलं आहे. कापलेले तंतू व्रणातून वाट काढत हळूहळू पुढे वाढतात. पण सगळ्यांत सारखं घडत नाही, आणि ब्रॉंकसच्या सुरुवातीला जाणीव आली म्हणजे खोलवरच्या बारीक नळ्यांतही आली असं नाही. घशावर आणि श्वासनलिकेवर मारलेलं लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध स्वतःच खोकला दाबतं, त्यामुळे नेहमीच्या ब्रॉंकोस्कोपीवरून ‘जाणीव आली’ किंवा ‘नाही आली’ ठरवता येत नाही. स्पायरोमीटर वर्षानंतरही चालूच ठेवायचा.

फुप्फुसाची जाणीवच नाही, तर झोपेत श्वास थांबणार नाही ना?

नाही. श्वासाची लय मेंदूच्या तळाशी ठरते आणि तिला लागणारी मुख्य माहिती रक्तातल्या कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनवरून मिळते. ती मोजणारी केंद्रं मेंदूत आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांपाशी आहेत, फुप्फुसात नाहीत. फुप्फुस ताणलं गेलं की श्वास आवरता घेणारी एक प्रतिक्षिप्त क्रिया असते, ती मात्र जाते. मोठ्या माणसांत तिचा प्रभाव साध्या, शांत श्वासावर फारसा नसतो, म्हणून फरक जाणवत नाही.

धाप लागल्याचं कळतंही, कारण ती जाणीव बरीचशी श्वसनाच्या स्नायूंतून आणि रक्तातल्या वायूंवरून येते. श्वास घेताना छातीत टोचलं तर तेही कळेल, कारण छातीच्या आतलं अस्तर तुमचंच आहे.

अन्ननलिकेचा आणि फुप्फुसाचा काय संबंध? पोटाच्या तपासण्या कशाला?

व्हेगस फक्त फुप्फुसाकडे जात नाही. त्याचाच मुख्य धागा खाली जठरापर्यंत उतरतो आणि जठर रिकामं करण्याचं काम बघतो. ऑपरेशनच्या जागेजवळून तो जातो, त्यामुळे त्याला धक्का लागू शकतो. मग जेवण तासन्‌तास पोटात राहतं, फुगल्यासारखं वाटतं आणि आम्ल वर येतं. काही औषधंही जठर मंद करतात. डावीकडे व्हेगसची स्वरयंत्राला जाणारी फांदी छातीत महाधमनीखालून वळसा घेते. ती दुखावली तर आवाज बसतो आणि गिळताना स्वरयंत्र नीट मिटत नाही.

एरवी पोटातलं काही श्वासनलिकेत गेलं तर माणूस ढास लागून उठतो. इथे थेंब जोडाच्या खाली पोचला की गप्पच राहतो. रात्रभर असे थोडे थोडे थेंब जात राहिले तर नवं फुप्फुस आतून जळजळतं, आणि दीर्घकालीन रिजेक्शनशी याचा संबंध जोडला जातो. म्हणून गिळण्याची आणि आम्लाची तपासणी लक्षणं नसतानाही करतात. झोपण्याआधी दोन-तीन तास जेवू नका, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवा, पाणी पिताना ठसका लागला किंवा आवाज ओला, घरघरता येऊ लागला तर लगेच कळवा. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने जळजळ थांबते, पण वर येणारं द्रव थांबत नाही. त्यासाठी काहींना जठराच्या वरच्या तोंडाभोवती वेढा घालण्याचं ऑपरेशन करावं लागतं.

सुरुवातीला पाणी मोजून का देतात?

लसीकावाहिन्या कापल्यामुळे. फुप्फुसात झिरपलेलं जादा पाणी एरवी त्या वाहून नेतात. त्या पुन्हा जुळेपर्यंत फुप्फुस लवकर ओलं होतं. पहिल्या ७२ तासांत तर ते आधीच सुजलेलं असू शकतं.

जोडाची एवढी काळजी का?

कारण तिथलं रक्त उधारीचं असतं. ब्रॉंकियल धमन्या न जोडल्यामुळे दात्याच्या ब्रॉंकसचं टोक सुरुवातीचे आठवडे पल्मनरी रक्तप्रवाहातून उलट झिरपणाऱ्या रक्तावर जगतं, आणि त्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो. म्हणून सर्जन दात्याकडचा तुकडा शक्य तितका आखूड ठेवतात. रक्त कमी पडलं तर तिथलं अस्तर मरतं, वर बुरशी बसते, क्वचित जोड उघडतो, आणि भरून येताना तो आकसू शकतो. आकसलेला जोड फुग्याने रुंद करता येतो, गरज पडली तर आत नळी बसवतात.

फुप्फुसं छान चाललीत म्हणतात, मग जिन्यावर पाय का भरून येतात?

बहुतेक वेळा थांबवतात ते पायच. आजारपणात झिजलेले स्नायू, स्टेरॉइडं आणि रिजेक्शन रोखणारी औषधं यांमुळे स्नायू ऑक्सिजन नीट वापरू शकत नाहीत. पायांचा व्यायाम हा त्यावरचा उपाय.

दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलो तर काय सांगायचं?

तीन वाक्यं कागदावर लिहून पाकिटात ठेवा. माझा जोड कुठे आहे: दोन्ही ब्रॉंकस, एकच बाजू, की श्वासनलिका. माझा सर्वांत चांगला एफईव्ही-१ किती आणि शेवटचा किती, तारखेसह. आणि माझ्या फुप्फुसात जोडाच्या खाली खोकल्याची जाणीव भरवशाची नाही, त्यामुळे ‘खोकला नाही’ यावरून छाती स्वच्छ आहे असं धरू नये. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आवर्जून दाखवा, कारण भुलीनंतर कफ काढायची आठवण त्यांना करून द्यावी लागते आणि तुम्ही तेव्हा गुंगीत असता. प्रत्यारोपण टीमचा फोन नंबर त्याच कागदावर ठळक लिहा.